जलसंजीवनीत साखर चवीसाठी नसते

"जुलाब लागले की साखर म्हणजे विष. साखरेने जुलाब वाढतात. ओआरएसमध्ये साखर फक्त चवीसाठी घालतात. बाळाला नुसतं मीठ-पाणी पाजा, मीठ थोडं जास्तच घाला. डायबेटीसवाल्यांनी ओआरएसला हातही लावू नये."

जुलाबाने मलूल झालेल्या वर्षभराच्या मुलीच्या घरात हा मजकूर पोहोचला आणि फोडायला घेतलेलं पाकीट बाजूला ठेवलं गेलं, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी ते नुसतं मीठ-पाणी. लहान आतड्याच्या अस्तरावरच्या पेशींमध्ये एसजीएलटी-1 नावाचं एक प्रथिन असतं. ते म्हणजे दारच समजा, पण जोडीने आलेल्यांसाठीच उघडणारं. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे बरोबर आले, तरच ते त्यांना आत घेतं. आत आलेलं सोडियम पेशी पलीकडच्या बाजूने रक्ताकडे उपसून टाकते आणि त्याच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. पाण्याला स्वतःचा पंप नाही, ते मिठाच्या मागे जातं. मीठ आत शिरण्याची दुसरी, साखरेशिवायची वाट आहे, पण कॉलऱ्याचं विष नेमकी तीच बंद पाडतं आणि वर पेशीतलं क्लोराइड व पाणी आतड्यात ओतायला लावतं. जोडीचं दार मात्र त्याही अवस्थेत चालू राहतं. म्हणजे साखर काढून घेतली की मीठ दाराबाहेरच राहतं आणि पाणी संडासावाटे निघून जातं. "मीठ थोडं जास्तच" हे तर सरळ धोक्याचं आहे. तान्ह्या बाळाच्या रक्तात सोडियम चढलं की झटके येऊ शकतात.

पुरावा हवा असेल तर 1971 चं बनगाव पाहा. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून ते नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. आधी शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. ती साखर चवीपुरती नव्हती.

"साखरेने जुलाब वाढतात" यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करायला हवं. जास्त साखर जुलाब वाढवतेच. कोला किंवा खोक्यातल्या रसात 100 मिलीमध्ये 10 ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम जवळजवळ नसतं. इतकं दाट पाणी आतड्यात गेलं की उलट शरीरातलंच पाणी आतड्यात खेचलं जातं. सध्याच्या प्रमाणित जलसंजीवनीत लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, आणि तिची दाटी रक्तापेक्षा थोडी कमीच ठेवलेली असते. म्हणून पाकिटावर लिहिलेलं माप पाळायचं. लिटरचं पाकीट एका पेल्यात (200 मिली) कालवलं तर ते पाचपट दाट होतं, आणि मग "ओआरएसनेच जुलाब वाढले" अशी ओरड सुरू होते. अर्धं पाकीट अंदाजाने टाकणंही नको. एका वेळी पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्या.

पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. पोह्यांचा मोठा चमचा नव्हे. घरची साखर आतड्यात फुटून निम्मी ग्लुकोज होते, म्हणून 6 चमचे. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर फेकून पुन्हा करा. मीठ घातलेली पातळ भाताची पेजही चालते, कारण तांदळाच्या पिठाचं शेवटी ग्लुकोजच होतं.

डायबेटीसचं थोडक्यात: लिटरभर जलसंजीवनीत 13.5 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे एका पोळीतल्या पिष्टाइतकं किंवा त्याहून कमी. रक्तातली साखर तपासत राहा, पण पाणी अडवू नका.

आता त्या मुलीचं. वजन 10 किलो, डोळे थोडे खोल, चिडचिड, तहानेने वाटीकडे झेपावणारी. हिशेब किलोला 75 मिली, म्हणजे 4 तासांत 750 मिली. चहाच्या चमच्याने साधारण दर दीड मिनिटाला एक. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. त्यानंतर प्रत्येक पातळ संडासामागे 50 ते 100 मिली. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. मूल सुस्त पडलं, पिता येईना, किंवा पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच राहिली, तर तोंडाने पाजत बसू नका. तिथे शिरेतून सलाइन लागतं आणि ते दवाखान्यातच मिळतं.