जुना पगार आजच्या भावाने धरा

"सगळ्या नोकरीची सरासरी काढली तर 2000 सालचा तुटपुंजा पगार पेन्शन खाली ओढणार नाही का, भाऊ?"

जुना आकडा तसाच ठेवला तर ओढणारच. समजा, जळगावच्या डाळमिलमध्ये तेव्हा महिना 3,000 पगार होता आणि दर वर्षी पगाराचा साठावा भाग पेन्शनला जोडला जातो. त्या वर्षाचे झाले फक्त 50 रुपये. महागाई चौपट धरून वाढवले तर 200, पगार सहापट झाले असं धरून वाढवले तर 300. म्हणून नियमात निर्देशांक महागाईचा की पगाराचा, ते आधी बघा. वार्षिक विवरणात जुन्या वर्षाची रक्कम वर्षानुवर्षं तीच दिसली, तर पुनर्मूल्यांकन, म्हणजे जुना आकडा आजच्या भावाने वाढवणं, होत नाहीये. आपली पीएफवाली पेन्शन योजना ईपीएस-95 मात्र शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी धरते, आणि त्यातलेही जुने आकडे वाढवत नाही.