सिमला पिन लावण्याआधी आधीचा पिन विचारून घ्या

गेल्या काही महिन्यांत माझ्या दुकानात एकाच प्रकारचे फोन फार यायला लागलेत. स्क्रीनवर PUK, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कंपनीचा कोड, मागतंय, रेंज गायब, आणि फोनवाला घाबरलेला. खोदून विचारलं की कळतं, कुठल्या तरी रीलमध्ये सांगितलं होतं, "सिमला आजच पिन लावा, नाहीतर खातं रिकामं होईल." सल्ला खरा आहे. मी स्वतः गिऱ्हाइकांना पिन लावायला सांगतो. पण रीलवाला अर्धंच सांगतो, आणि उरलेल्या अर्ध्यापायी चांगली चालू कार्डं बंद पडतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी या पिनने नेमकं काय वाचतं ते बघू. फोनचं लॉक वेगळं आणि सिमचं लॉक वेगळं. फोनला पॅटर्न असला, बोटाचा ठसा असला, तरी चोराला त्याची गरज पडत नाही. तो ट्रे ओढतो, कार्ड काढतो आणि स्वतःच्या फोनमध्ये घालतो. आता तुमचा नंबर त्याच्या हातात. तुमचे ओटीपी त्याच्याकडे येणार, तुमचं व्हॉट्सॲप तो चालू करू शकणार. आणि आपल्याकडची सवय तर बघा: फोनच्या मागच्या कव्हरमध्ये आधारची घडी घातलेली झेरॉक्स, तिच्या आत एटीएम कार्ड. बऱ्याच बँकांमध्ये आता एटीएम कार्ड नसलं तरी आधारचे पहिले सहा आकडे आणि आधारला जोडलेल्या नंबरवर आलेला ओटीपी, एवढ्यावर नवा यूपीआय पिन ठरवता येतो. म्हणजे कव्हरमध्ये आधार आणि फोनमध्ये उघडं सिम, ही जोडी चोराला पुरते. परभणीच्या एसटी स्टँडवर गाडीत चढताना झालेल्या रेटारेटीत फोन गेला, तर घरी पोचून दुसऱ्याच्या फोनवरून नंबर बंद करायला लावेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. तेवढ्या वेळात तुमच्या आणि त्याच्या मधे उभा राहतो तो सिमचा पिन. दुसऱ्या फोनमध्ये कार्ड घातलं की आधी पिन मागितला जातो. तो दिल्याशिवाय कार्ड नेटवर्कला लागत नाही, म्हणून ना कॉल येतो ना मेसेज. ११२ ला मदतीचा कॉल तेवढा लागतो.

पण याची हद्दही माहीत हवी. पिन फक्त फोन चालू होताना किंवा कार्ड घालताना मागितला जातो. चोराने फोन बंद केला नाही, कार्डही काढलं नाही, तर सिम तसंच चालू राहतं आणि लॉक स्क्रीनवर ओटीपीचा मेसेज दिसत असेल तर तो वाचता येतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर पिनचा अर्धा फायदा वाया जातो. दुसरं, कोणी खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं, तर तिथे हा पिन काहीच करू शकत नाही, कारण तो जुन्या कार्डाच्या चिपमध्ये असतो, नंबरमध्ये नसतो. आणि फोनवर गोड बोलून ओटीपी विचारणाऱ्यालाही तो अडवत नाही.

आता मुख्य मुद्दा. कार्ड का बंद पडतात?

आमच्याच गल्लीतल्या तात्यांचं उदाहरण घ्या. नातवाने आजोबांच्या भल्यासाठी सेटिंग उघडली, SIM card lock मध्ये गेला आणि Lock SIM card समोरचं बटण सरकवलं. फोनने पिन मागितला. पोराला वाटलं, नवा पिन ठरवायला सांगतोय. त्याने आजोबांच्या जन्माचं साल टाकलं. चुकीचा पिन, दोन प्रयत्न बाकी. त्याला वाटलं बोट घसरलं असेल, म्हणून पुन्हा तेच टाकलं. एक बाकी. तिसऱ्यांदा सावकाश, एकेक आकडा बघून टाकलं, आणि PUK मागणारी पाटी आली.

सगळी गंमत त्या पहिल्या चौकटीत आहे. बटण सरकवताना फोन नवा पिन मागत नाही. कंपनीने कार्डात आधीच घालून दिलेला पिन मागतो. कार्ड घेतल्यापासून कुलूप बंद असल्यामुळे आपल्याला तो कधी लागलेलाच नसतो, म्हणून असा काही पिन आहे हेच माहीत नसतं. बऱ्याचदा तो 0000 किंवा 1234 असतो. पण सगळ्याच कार्डांचा तोच असेल असं नाही, त्यामुळे अंदाजावर बटण सरकवू नका. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारा, "माझ्या सिमचा मूळ पिन कोणता?" त्याच फोनवर PUK पण विचारून वहीत लिहून घ्या. मला विचाराल तर हे दोन आकडे लिहून झाल्याशिवाय सेटिंग उघडायचीच नाही.

लिहून झाले की क्रम असा. आधी मूळ पिन टाकून लॉक चालू करायचं. लॉक चालू झाल्यावरच Change SIM PIN हा पर्याय जागा होतो. तिथे एकदा जुना आणि दोनदा नवा पिन टाकायचा. नवा पिन चार ते आठ आकडी चालतो. लॉक चालू केलं आणि पिन मूळचाच ठेवला तर काही अर्थ नाही, चोर पहिल्यांदा 0000 च टाकून बघणार. ज्यांच्या साध्या फोनमध्ये हा पर्याय सापडत नाही, त्यांनी लॉक चालू झाल्यावर डायल पॅडवर असं टाकावं:

```
**04*जुना पिन*नवा पिन*नवा पिन#
```

तात्यांकडे परत येतो, कारण खरा गोंधळ पुढे झाला. कार्ड काढून तात्यांच्या सुनेच्या फोनमध्ये घातलं. तिथेही PUK. फोन रात्रभर बंद ठेवून सकाळी चालू केला. तरीही PUK. चुकांचा हिशोब फोन ठेवत नाही, कार्ड स्वतः ठेवतं. फोन बदलला, बॅटरी काढली, तरी तो आकडा जागचा हलत नाही. बरोबर पिन किंवा बरोबर PUK पडला तरच पुन्हा तीन संधी मिळतात. मग कुणीतरी म्हणालं, "आरं, आठ शून्य टाकून बघ." टाकले. मग एक ते आठ. तात्या माझ्याकडे आले तेव्हा PUK च्या दहा संधींपैकी चार गेल्या होत्या.

"भाऊ, आता कार्ड फेकून द्यावं लागंल का?" तात्यांनी विचारलं.

म्हटलं, तात्या, अजून सहा बाकी आहेत, पण आता एकही अंदाज टाकू नका. PUK हा आठ आकडी असतो, तो अंदाजाने लागत नाही. दहाच्या दहा संधी गेल्या की ते कार्ड कायमचं मेलं, ते कंपनीसुद्धा जिवंत करू शकत नाही. नवं कार्डच काढावं लागतं.

त्याच कंपनीच्या दुसऱ्या नंबरवरून कस्टमर केअरला फोन लावला. समोरच्या मुलीने नाव, जन्मतारीख आणि पत्ता विचारला. तात्यांनी आपलं सांगितलं, ते जुळेना. मग तात्यांना आठवलं, कार्ड थोरल्या भावाच्या कागदपत्रांवर घेतलेलं होतं. भाऊ लातूरला. हे आपल्याकडे घरोघर आहे: सिम एकाच्या नावावर, वापरतो दुसरा. शेवटी भावालाच लातूरहून कस्टमर केअरशी बोलायला लावलं, तेव्हा PUK मिळाला. आठ आकडे कागदावर लिहिले, भावाकडून पुन्हा एकदा वाचून घेतले आणि मग टाकले. फोनने नवा पिन दोनदा मागितला, आणि रेंज आली. स्क्रीनवर PUK ची चौकट नीट येत नसेल तर हेच डायल पॅडवरून होतं:

```
**05*पीयूके*नवा पिन*नवा पिन#
```

PUK च्या दहाही संधी गेल्या असत्या तर? मग दुकानात जाऊन आधारवर नवं कार्ड घ्यायचं, नंबर तोच मिळतो. पण नवं कार्ड चालू झाल्यावर सुरक्षेसाठी चोवीस तास त्यावर मेसेज येत-जात नाहीत. म्हणजे एक दिवस ओटीपी बंद. पीक विम्याची शेवटची तारीख असेल किंवा पीएम किसानची केवायसी राहिली असेल, तर तो एक दिवस महागात पडतो. आणि नातेवाइकाच्या नावावरचं कार्ड असेल तर तो माणूसच दुकानात आणावा लागतो. तो ऊसतोडीला कर्नाटकात गेला असेल तर कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत थांबायचं का? म्हणून पिनच्या आधी एक काम करा, आपण वापरतो ते कार्ड आपल्या नावावर आहे का ते बघा. नवं कार्ड घेतलं असेल तर हेही लक्षात ठेवा की त्याचा पिन आणि PUK दोन्ही नवे असतात. जुन्या कार्डाचा कागद तिथे चालत नाही.

रोजच्या वापरात कार्ड अडकतं ते मुख्यतः पिनांच्या गर्दीमुळे. एटीएमचा, यूपीआयचा, फोनचा आणि आता सिमचा. लोडशेडिंगमध्ये बॅटरी संपून फोन बंद पडतो, लाइट आल्यावर चालू केला की चौकट येते, आणि माणूस झोपेत यूपीआयचा पिन टाकतो. दोन सिमच्या फोनमध्ये तर दोन्ही कार्डांचे पिन वेगळे, आणि चौकट कोणत्या सिमची आहे हे वरच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचूनच आकडे टाका. एक चूक झाली तर थांबा, वही काढा. दोन चुका झाल्या असतील तर तिसरी संधी वापरूच नका. लॉक चालू करताना असं झालं तर ते पान बंद करा, कार्ड आधीसारखंच चालत राहतं. फोन चालू करताना झालं तर वहीतला पिन हाती येईपर्यंत चौकट तशीच राहू द्या.

वही मात्र घरी हवी. पिन लिहिलेली चिठ्ठी फोनच्याच कव्हरमध्ये, आधारच्या झेरॉक्सला चिकटवून ठेवलेली मी पाहिली आहे.

दुकानदार मित्रांनाही एक विनंती आहे. नवं सिम देताना ज्या प्लास्टिकच्या तुकड्यातून कार्ड मोडून काढतो, काही कार्डांच्या त्या तुकड्यावर PUK छापलेला असतो. तो काउंटरखालच्या टोपलीत टाकू नका, गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि जपून ठेवायला सांगा. आणि गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्याच्या सिमला पिन लावून देऊ नका.

गावाकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या सिमला मी पिन लावत नाही. फोन रात्री अपडेट होऊन आपोआप बंद-चालू झाला, तर सकाळी चौकट तशीच राहते आणि पुण्यातून पोरगा दिवसभर फोन लावत बसतो, "आईचा फोन लागंना." तिच्या बाबतीत आधारची झेरॉक्स कव्हरमधून काढून घ्या, आणि त्या नंबरला जोडलेल्या खात्यात गरजेपुरतेच पैसे ठेवा. जो रोज बसने, रेल्वेने फिरतो, बाजार करतो, त्याने मात्र या आठवड्यात कस्टमर केअरला फोन करून ते दोन आकडे लिहून घ्यावेत.