मुखपृष्ठ नखाएवढं करून का बघायचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

«सर, ‘वखारीची किल्ली’ या आमच्या रहस्यकादंबरीच्या मुखपृष्ठावर तुम्ही अन्याय केलात. आमच्या निपाणीच्या एका ज्येष्ठ चित्रकारांनी ते हातानं रंगवलंय, अक्षरंही त्यांचीच. मोबाइलवर नखाएवढं करून ते जोखायचं? नाव तर दुकानाच्या पानावर शेजारी छापलेलं असतंच की! आणि आमची पुस्तकं कडोली, येळ्ळूरच्या संमेलनांतही विकली जातात.»

ताई, चित्र उत्तम आहे यात दुमत नाहीच. तिन्हीसांजेची तंबाखूची वखार, दारात बैलगाडी, पायरीवर नऊवारीतली म्हातारी. संमेलनातल्या टेबलावर हे पुस्तक मी हातात घेईनच. पण तिथं तुम्ही स्वतः उभ्या असता, ‘ही खुनाची गोष्ट आहे’ असं सांगू शकता. ऑनलाइन दुकानात ते सांगायचं काम एकट्या मुखपृष्ठावर येतं.

आधी नावाचं बघू. किंडलसाठी मुखपृष्ठ 1600 पिक्सेल रुंद आणि 2560 उंच करा असं अ‍ॅमेझॉन सांगतं. शोधयादीत तेच चित्र शंभरेक पिक्सेल रुंदीचं होतं असं धरा, म्हणजे सोळाव्या हिश्श्यावर आलं. मूळ चित्रात 16 पिक्सेल जाड असलेली रेघ तिथं एक पिक्सेल उरते, त्याहून बारीक रेघ मागच्या रंगात विरते. तुमच्या चित्रकारांनी बोरूच्या वळणानं लिहिलंय, त्यामुळे उभे दंड जाड आहेत आणि वेलांटीच्या कमानी केसासारख्या. लहान झाल्यावर कमानी जातात, दंड उरतात, आणि ‘रीची’चं ‘राचा’ होतं. त्यात त्यांचा ‘ख’ जुन्या वळणाचा, खाली न जोडलेला, म्हणून तो ‘रव’ दिसतो. मी लहान करून पाहिलं तेव्हा ‘वरवाराचा’ असं काहीतरी वाचलं, आणि मला नाव आधीच माहीत होतं!

यावर उपाय आहे, आणि अक्षरं त्याच हातची राहू शकतात. आत्ता सगळं नाव एका ओळीत आहे, म्हणून लहान चित्रात एकेका अक्षराला जेमतेम 14 पिक्सेल मिळतात. दोन ओळी करा. ‘वखारीची’ची चार अक्षरं पूर्ण रुंदीवर पसरली की प्रत्येकाला वीसच्या वर मिळतील, ‘किल्ली’ला तर आणखी. पहिल्या ओळीत खाली लोंबणारा उकार नाही, त्यामुळे दुसरीच्या वेलांट्या तिच्याजवळ नेता येतात. कमानी जाड करायला सांगा आणि ‘ख’ खाली जोडून घ्या.

शेजारी नाव छापलेलं असतं, खरं आहे. पण मराठी पुस्तकांची नावं तिथं बऱ्याचदा रोमन लिपीत असतात. मग पुस्तक मराठी आहे हे यादीत बघणाऱ्याला पहिल्यांदा कळतं ते मुखपृष्ठावरचं देवनागरी नाव वाचून. आपल्या खानापूर-निपाणीकडच्या वाचकाला, ज्याच्या फोनवर कन्नड, इंग्रजी, हिंदी सगळीच पुस्तकं येतात, त्याचा अंगठा थांबायचा तर ती अक्षरं वाचता यायला हवीत.

रंगांचंही तेच. तिन्हीसांजेच्या नारिंगी आभाळावर पिवळट अक्षरं आहेत. चित्र काळंपांढरं करून बघा. दोन्हींचा करडा जवळजवळ सारखा येतो, आणि बहुतेक किंडलचा पडदा करडाच असतो. रंग वेगळे असून भागत नाही, एक गडद आणि एक फिकट हवा.

आता मला जास्त खुपणारी गोष्ट. बैलगाडी, म्हातारी, मातकट रंग बघून वाचक म्हणणार, ही ग्रामीण कौटुंबिक कादंबरी. तसं समजून विकत घेणाऱ्याला पन्नासाव्या पानावर पंचनामा भेटला की तो चिडून दोन तारे देतो. ज्याला पंचनामाच हवा होता तो यादीतून पुढं गेलेला असतो. तुमची कादंबरी चांगली आहे, म्हणून हे जिव्हारी लागतं. त्याच चित्रात डाव्या कोपऱ्यात वखारीचं बंद दार आहे, त्याला कुलूप आहे आणि फटीतून उजेड येतोय. तेवढाच भाग मोठा करून घ्या, वरचा अंधार नावासाठी ठेवा. रहस्य तिथं आपोआप दिसतं. रक्ताचे थेंब, सुरा वगैरे काही नको. पूर्ण चित्र छापील आवृत्तीत मलपृष्ठावर जाऊ द्या, संमेलनात लोक पुस्तक उलटून बघतातच.

लेखकाचं नाव मात्र लहान चित्रात वाचता आलं नाही तरी चालेल. त्यासाठी चित्राची जागा खाऊ नका.

नवं झालं की असं तपासा: दुकानात मराठी रहस्यकथा शोधून त्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात आपलं मुखपृष्ठ त्याच मापाचं करून चिकटवा, आणि कादंबरी न वाचलेल्या माणसाला दोन सेकंद दाखवून काढून घ्या. ‘आवडलं का?’ असं विचारू नका, कोणीही हो म्हणतं. ‘नाव काय होतं, आणि गोष्ट कशाची असेल?’ एवढंच विचारा. दोन्ही उत्तरं बरोबर येईपर्यंत छापायला देऊ नका. चित्रकारांना हवं असेल तर मी निपाणीला येऊन त्यांच्यासमोर हे मापून दाखवतो.