खोडलेली एमआरपी आणि चवथीची सूट

"खोक्यावर एमआरपी छापलेलीच असते. तीच खोडून खाली आमचा भाव लिहिला, तर त्यात खोटे काय? शिवाय तळाला 'अटी लागू' असतेच, आणि मजकूर दुकानदाराचा असल्यामुळे तो तपासणे हे जाहिरात करणाऱ्या एजन्सीचे काम नाही." सवलतीच्या जाहिरातींच्या समर्थनासाठी असा युक्तिवाद केला जातो, पण तो टिकत नाही.

एमआरपी ही विक्रीची कमाल मर्यादा आहे. वस्तू त्या भावाने विकली जात होती, असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येत, वस्तू सामान्यतः ज्या किमतीला विकली जाते त्या किमतीबद्दल लोकांची दिशाभूल करणे स्पष्टपणे येते. त्यापुढची तरतूद अनेकांच्या नजरेतून सुटते: ती किंमत आपल्याच दुकानातली आहे असे जाहिरातीत स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ती संबंधित बाजारातल्या विक्रेत्यांची सर्वसाधारण किंमत मानली जाते.

समजा, चवथीसाठी म्हापशातल्या एका दुकानाचा मजकूर आला आहे: मिक्सर, 'मूळ किंमत ६,००० रुपये', आता ३,००० रुपये, '५० टक्के सूट'. मजकूर तपासणाऱ्याने दुकानाकडून त्याच मॉडेलची मागच्या महिन्यातली बिले मागवावीत आणि आसपासच्या दोन-तीन दुकानांतला भाव विचारावा. बिले ३,६०० रुपयांची निघाली आणि इतरत्रही साधारण तोच भाव असला, तर खरी सूट ६०० रुपयांची, म्हणजे सुमारे १७ टक्के ठरते. अशा वेळी 'मूळ किंमत' हे शब्द काढून 'आमचा नेहमीचा भाव ३,६००, चवथीचा भाव ३,०००' असे लिहावे. बिले द्यायला दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर माझ्या मते टक्केवारीच वगळावी. मॉडेल क्रमांक मात्र आधी जुळवून पाहावा, कारण जुन्या मॉडेलच्या भावाला नव्याची एमआरपी चिकटवलेली अनेकदा आढळते.

'अटी लागू' या शब्दांचाही फारसा आधार मिळत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात असावा लागतो, आणि मुख्य दाव्याला छेद देऊन तो दावा दुरुस्त करता येत नाही. आपल्याकडे मथळा मराठीत आणि अटी बारीक इंग्रजीत छापण्याची जी सवय आहे, ती या निकषावर टिकत नाही. '५० टक्क्यांपर्यंत सूट' अशा मजकुरातला 'पर्यंत' हा शब्दही मथळ्यातल्या आकड्याएवढ्याच ठळकपणे यावा, असा माझा आग्रह असतो.

जबाबदारीचे म्हणाल, तर ही तत्त्वे जाहिरात एजन्सीलाही लागू आहेत. दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड लावू शकते. नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात ती प्रसिद्ध केली, असा बचाव कायद्यात आहे. पण ती मागे घेण्याचा किंवा बदलण्याचा आदेश आधीच माहीत असेल, तर तो बचाव मिळत नाही.