व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या नंबरविषयी खुलासा

“प्रोफाइल फोटो ‘Nobody’ केला की मोठ्या ग्रुपमध्ये आपला नंबर कुणालाच दिसत नाही.”

हे चुकीचं आहे. त्या सेटिंगने फक्त फोटो झाकतो. व्हॉट्सॲपवर खातं नंबरवरच उघडतं, म्हणून साध्या ग्रुपच्या सदस्ययादीत तो अनोळखी लोकांनाही दिसतो. ग्रुप सोडल्यावरही जुन्या सदस्यांच्या यादीत आपण ६० दिवस राहतो. म्हणून खरा बंदोबस्त ग्रुपमध्ये जाण्याआधीच हवा: Settings, Privacy, Groups इथे ‘My contacts’ निवडा. मग अनोळखी माणूस थेट ग्रुपमध्ये घालू शकत नाही, आधी आमंत्रण पाठवावं लागतं.

ॲडमिन मंडळींना कळकळीची विनंती: नुसत्या सूचनांसाठी ग्रुपऐवजी कम्युनिटी काढा. तिच्या घोषणा-ग्रुपमध्ये सदस्याचा नंबर ॲडमिनला आणि ज्यांनी तो सेव्ह केलाय त्यांनाच दिसतो. मात्र त्याच कम्युनिटीतल्या एखाद्या उपग्रुपमध्ये शिरलात, तर तिथल्या सगळ्यांना दिसेल.