गाणं वाजतंय ना, मग तेच परत लिहायचं कशाला?

सकाळी उठल्या उठल्या फोन हातात घेतला हीच पहिली चूक. एका जवळच्या मैत्रिणीने व्हिडिओ टाकलाय, तिच्या आईचा ऑफिसमधला शेवटचा दिवस. काकू टेबल आवरतायत, एक एक कागद नीट बघून फाडतायत. इतका सुंदर व्हिडिओ, माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. मागे एक संथ, जुनं गाणं. आणि कॅप्शनमध्ये काय, तर त्याच गाण्याची ओळ. तीच ओळ, जी त्या क्षणी गायक गातोय! एवढ्यावर भागलं नाही म्हणून व्हिडिओवर सुद्धा पांढऱ्या अक्षरांत तीच ओळ. म्हणजे ऐकायची तीच, वर वाचायची तीच, खाली वाचायची तीच. काकू बिचाऱ्या मधल्या मधे राहिल्या.

मला कळत नाही, आपण सगळे चांगले लिहिणारे-वाचणारे लोक, आपल्याला एक ओळ स्वतःची सुचू नये? आणि ज्याने ती ओळ लिहिली त्या कवीचं नाव तरी लिहा, पण ते कधीच नसतं. गायकाचं असतं, कवीचं नाही. जाऊ दे, तो वेगळा राग आहे, त्यावर परत कधीतरी.

मला हे इतकं का झोंबतं तर मी स्वतः हा माती खाण्याचा प्रकार करून बसलेय. 2 वर्षांपूर्वी आम्ही भाड्याचं घर सोडलं. शेवटच्या दिवशी धाकट्याने रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढला, 22 सेकंदांचा. कपाट जिथे होतं तिथे भिंतीवर फिकट चौकोन, तो चौकोन, मग खिडकी, मग दार, संपलं. त्याला एक गाणं लावलं (नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही वाचायचं सोडून गुणगुणत बसाल) आणि मला म्हणाला, ताई तू कॅप्शन लिही, पण गाण्यातलं काही नको. मी म्हटलं हात्तिच्या, 5 मिनिटांचं काम. दुपारी बसले ते दिवेलागणीपर्यंत.

पहिलं लिहिलं, काही घरं सोडली तरी सुटत नाहीत. मला वाटलं क्या बात है. धाकट्याने वाचलं आणि म्हणाला, हे कॅलेंडरवर छापतात तसलं आहे. राग आला, पण बरोबर होतं त्याचं. दुसरं लिहिलं त्यात आठवणी, हुरहूर, निरोप सगळं आलं. आता गाणं ऑलरेडी हुरहूर लावतंय, त्यात मी हुरहूर हा शब्द लिहिला की झालं, जणू माणूस रडतोय आणि शेजारी कोणी पाटी धरून उभं आहे, हा रडतोय म्हणून.

तिसऱ्या वेळी तर मी अगदीच पकडले गेले. गाण्यात संध्याकाळ आहे आणि रस्ता आहे. मी हुशारीने लिहिलं सांजवेळ आणि वाट. शब्द वेगळे ना! पण चित्र तेच. ही चोरी सगळ्यात जास्त चालते आणि करणाऱ्याला वाटतं आपण ओरिजिनल आहोत. त्यामुळे माझा नियम सोपा झालाय, गाण्यात जी वस्तू, जी वेळ, जो ऋतू आहे तो कॅप्शनमध्ये घ्यायचाच नाही. गाण्यात पाऊस असेल तर तुम्ही पावसाला हात लावू नका, भले बाहेर धो धो कोसळत असेल. तुमच्या व्हिडिओत जे आहे आणि गाण्यात नाही, तिथून उचला.

मग धाकट्याने जे केलं ते मी आजतागायत करते. त्याने फोन बाथरूममध्ये ठेवला, गाणं सुरू केलं आणि दार लावून घेतलं. बाहेर नुसता सूर येत होता, ठेका येत होता, शब्द एक कळत नव्हता. आणि अख्खं गाणं नाही, जे 22 सेकंद व्हिडिओत येणार तेवढेच, परत परत. कारण मुखड्याचा मूड एक असतो आणि अंतऱ्याचा दुसराच असतो, आणि आपण लिहितो मनात असलेल्या अख्ख्या गाण्यावर, वाजतो मात्र एक तुकडा.

ते ऐकल्यावर माझा पहिला धक्का असा, की गाणं दुःखी नव्हतंच! शब्द विरहाचे होते म्हणून मी त्याला दुःखी समजत होते. चाल अगदी वेगळं काहीतरी सांगत होती. मी मांडीवर ठेका मोजला, 15 सेकंदांत 18 टाळ्या, म्हणजे मिनिटाला 72. संथ आहे, पण रडका नाही, सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग. पहिला बराच वेळ तबला नाहीच, नुसती गिटारची तार छेडलेली. आवाज खालच्या सुरात सुरू होतो, वर चढतो, आणि परत सा वर येऊन टेकत नाही. अधांतरीच ठेवतो ओळ. आणि आमचा तुकडा नेमका तिथे संपत होता. म्हणजे हे निघून गेलेल्या माणसाचं गाणं नाही, हे निघायचं आहे पण पाय निघत नाही त्या माणसाचं आहे. आता सांगा, ह्याच्याखाली "काही घरं सुटत नाहीत" कसं चालेल? ते वाक्य सा वर येऊन धपकन बसतं. गाणं अर्धवट सोडतंय आणि मी निकाल लावून मोकळी.

म्हणून ठरवलं की कॅप्शनने सुद्धा काहीतरी न संपवता थांबायला हवं. पण शेवटी तीन टिंबं देऊन नाही हां. तीन टिंबं म्हणजे मला काहीतरी वाटतंय पण सांगायचा कंटाळा आलाय. न संपलेली गोष्ट वस्तूत दिसली पाहिजे. मग त्या दिवशी खरंच काय राहिलं होतं ते आठवायला लागले. सामान गेलं होतं, पाणी बंद केलं होतं, दिवे बंद केले होते. आणि घरमालकांना द्यायची किल्ली दुपारपासून बाबांच्या खिशात होती, ते म्हणत होते देतो देतो, आणि पायऱ्यांवर उभे होते.

दिवे बंद करून झाले. किल्ली अजून बाबांच्या खिशातच आहे.

आलं एकदाचं. पण थांबा, त्यात पण गंमत झाली. आधी मी दिवा बंद करण्यासाठी आपला तो जुना सुंदर शब्द वापरला होता. धाकट्याने वाचला आणि लगेच भलतंच जुनं गाणं गुणगुणायला लागला. मराठीत असे काही शब्द आहेत बाबा, वापरले की मागून चाल येतेच. म्हणून साधं "बंद करून". आणि मग त्याने विचारलं, "अजून" हा शब्द गाण्यात आहे का? होता! आणि कुठेतरी कोपऱ्यात नाही, गायक त्याच शब्दावर चार मात्रा थांबतो. बोलण्यातला शब्द आहे, कोणाच्या मालकीचा नाही, पण ज्या शब्दावर गाणं थांबतं तो ऐकणाऱ्याच्या कानात असतोच. आणि, ला, पण, हे कोण मोजतंय, पण थांबण्याचा शब्द टाळायचा. तो काढून टाकला आणि वाक्य उलट सुधारलं.

दिवे बंद करून झाले. किल्ली बाबांच्या खिशातच आहे.

त्या "च" मध्ये सगळं आलं बघा. मग गाणं लावून ते दोनदा मोठ्याने वाचलं. ही शेवटची परीक्षा. गायक श्वास घेतो त्या फटीत पहिलं वाक्य बसलं पाहिजे, घाईने उरकावं लागलं तर लांब आहे. "दिवे" आणि "किल्ली" असे शब्द संथ गाण्यात ओढून वाचता येतात. तेच मी "पटकन दिवे घालवले" लिहिलं असतं तर मिनिटाला 72 वर अडखळायला झालं असतं. उडत्या गाण्याला मात्र तेच पटकन, चटकन कामी येतं. आणि दोन्ही वाक्यं छोटी, कारण फोनवर तशीही सुरुवातीची ओळ-दीड ओळ दिसते, मग "आणखी" दाबावं लागतं, कोणी दाबत नाही.

बरं, मान्य, कधी कधी कवीची ओळ इतकी नेमकी असते की आपलं लिहिणं पोरकट वाटतं. मग लिहा, नाव देऊन. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओवर शब्द हवेतच, ते कॅप्शन नाही, ती सोय आहे, त्यावर माझा काही आक्षेप नाही.

हे सगळं टाइप करता करता मैत्रिणीला फोन केला, भांडायलाच केला खरंतर. ती म्हणाली अगं मला कुठे लिहिता येतं तुझ्यासारखं, रात्री अडीचला टाकलाय तो व्हिडिओ, आई झोपल्यावर, मला नुसतं भरून आलं होतं. मग मीच गप्प झाले. इथे वर मी काय काय बोलले ते वाचून आता मलाच कसंतरी होतंय, पण खोडत नाही.

मी म्हटलं, बरं सांग, आवरून झाल्यावर काकूंनी काय केलं? जे व्हिडिओत नाही ते. ती म्हणाली काही नाही गं, ड्रॉवरला कुलूप लावलं, दोन पावलं गेली, परत आली आणि उघडून बघितलं. आत काहीच नव्हतं. मग परत लावलं.

मी म्हटलं, अगं हेच लिही.

म्हणाली, एवढंच?

एवढंच. तिचं गाणं पण तसंच आहे, शेवटची ओळ दोनदा येते, दुसऱ्यांदा हळू. तिला फोनवर म्हणून दाखवलं तर ती पलीकडे एकदम गप्प.

आत्ता जाऊन बघितलं, कॅप्शन बदललंय. "आईने ड्रॉवरला कुलूप लावलं. परत उघडून बघितलं. परत लावलं." फक्त खाली गाण्याची ओळ तशीच ठेवलीय. आणि शेजारी रडणारी तीन तोंडं.