रेषा: बाबा

फ्रिजवर लोहचुंबकाने एक कागद लावलाय. त्यावर माझ्या दहा वर्षांच्या लेकीने सुटलेलं कोडं नीट उतरवून काढलंय आणि खाली श्रेयनामावली दिली आहे. ‘सोडवणारे: मी आणि मामा. रेषा: बाबा.’

सव्वा तास मी त्या कोड्यापाशी बसलो होतो. मामा चार मिनिटं उभा होता. म्हणजे बसलासुद्धा नव्हता.

आधी कोडं सांगतो, म्हणजे माझं दुःख नीट कळेल. अमोल, बकुळ आणि चारू अशी तीन मुलं. मांजर, कासव आणि पोपट असे तीन प्राणी, प्रत्येकाकडे एक. तीन सायकली: लाल, निळी, हिरवी. त्याही प्रत्येकाकडे एक. कोणाचं काय ते शोधायचं. सूचना चारच. एक, अमोलकडे मांजर नाही. दोन, बकुळची सायकल निळी आहे. तीन, ज्याच्याकडे मांजर आहे त्याची सायकल लाल आहे. चार, ज्याच्याकडे कासव आहे त्याची सायकल निळी नाही.

यासाठी तीन तक्ते आखावे लागतात: मुलं आणि प्राणी, मुलं आणि सायकली, सायकली आणि प्राणी. प्रत्येक तक्त्यात नऊ घरं. नक्की जुळलं तिथे बरोबरची खूण, नक्की नाही तिथे फुली. तिन्ही तक्ते एकमेकांना चिकटवून आखायचे असतात आणि पट्टी दर वेळी सरकते, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण रेषा एवढंच माझं अधिकृत योगदान आहे.

पहिल्या सूचनेलाच गाडी अडली. ‘अमोलकडे मांजर नाही.’ लेक पेन्सिल धरून थांबली. ‘मग काय आहे?’

‘ते अजून माहीत नाही.’

‘मग सांगितलं कशाला?’

प्रश्न रास्त होता. दहा वर्षांपर्यंत मुलांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ‘हे आहे’ असंच लिहायची सवय असते. ‘हे नाही’ हेसुद्धा उत्तर आहे, त्याला स्वतःचं घर आहे आणि त्या घरात फुली मारायची, हे त्यांना फसवणुकीसारखं वाटतं. मी समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोनच दिवसांपूर्वी असंच समजावताना मी वीस मिनिटं बोललो होतो आणि ती झोपली होती. या वेळी ठरवलं होतं की प्रत्येक सूचनेला एकच प्रश्न विचारायचा: ‘यानं कोणतं घर बंद झालं?’ तिने बोट फिरवत अमोलची ओळ आणि मांजराचा रकाना गाठला आणि फुली मारली. सत्तावीस घरांतलं एक भरलं. चेहरा असा की एवढ्यासाठी मला खेळातून उठवलंत?

दुसरी सूचना तिला आवडली, कारण तिच्यात ‘आहे’ होतं. बकुळ आणि निळी, झोकात खूण झाली. आणि ती लगेच तिसऱ्या सूचनेकडे निघाली. इथे नव्वद टक्के कोडी बिघडतात असं मी म्हणणार होतो, पण टक्केवारी मी मनाने काढलेली असल्यामुळे एवढंच म्हणतो की माझ्या घरातली सगळी इथेच बिघडली. बकुळकडे निळी आहे म्हणजे तिच्याकडे लाल नाही, हिरवी नाही. आणि निळी आता अमोलची नाही, चारूचीही नाही. तीन बाय तीनच्या तक्त्यात एका खुणेबरोबर चार फुल्या फुकट मिळतात. मुलं त्या घेत नाहीत. खूण झाली की त्यांच्या लेखी समारंभ संपला.

मी हाताची घडी घातली. (घडी घालणं महत्त्वाचं आहे. मोकळा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो आणि एकदा का मोठ्यांनी फुली मारली की पुढची सगळी फुल्यांची नोकरी त्यांचीच.) विचारलं, ‘निळी सायकल अजून कोणाची असू शकते?’ बराच वेळ गेला. पंख्याकडे बघून झालं, खोडरबराचं एक टोक खाऊन झालं. मग ‘कोणाचीच नाही!’ आणि चार फुल्या पटापट पडल्या. त्या चार फुल्यांसाठी मी अकरा मिनिटं तोंडात मूग धरून बसलो होतो. फ्रिजवर या मुगाचा उल्लेख नाही.

तिसऱ्या सूचनेत मुलांचं नावच नाही. मांजर आणि लाल. तिने आधी मुलांच्या तक्त्यात शोधाशोध केली, मग खालचा तिसरा तक्ता सापडला, तिथे खूण केली आणि या वेळी चार फुल्या न सांगता मारल्या. मला एवढा आनंद झाला की मी पाणी प्यायला उठलो. ती घोडचूक ठरली, कारण दार उघडंच होतं.

पण त्याआधी पुढची पायरी सांगितली पाहिजे, कारण या कोड्याचा जीव तिच्यात आहे. मांजर आणि लाल सायकल आता एकाच माणसाकडे. मी तिला म्हटलं, दोघांना दोरीने बांधलंय असं समज. एक जिथे जाऊ शकत नाही तिथे दुसराही जाणार नाही. बकुळच्या ओळीत लालवर फुली आहे. मग मांजराचं काय? म्हणजे एका तक्त्यातली फुली उचलून दुसऱ्या तक्त्यात न्यायची. कोणतीही सूचना हे थेट सांगत नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर तिसरी आपोआप दिसते, आणि ती दिसण्याआधी मूल अगदी गप्प होतं, भुवया जवळ येतात, पेन्सिल हवेत थांबते. तेव्हा घरात कोणी शिंकूसुद्धा नये.

तिची पेन्सिल हवेत होती. ‘बकुळकडे लाल नाही… म्हणजे बकुळकडे…’

‘काय चाललंय दाजी?’ म्हणत मेहुणा आत आला.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कुठल्याही विषयावर बसून विचार करावा लागत नाही, कारण तो उभाच असतो. त्याने कागद उलटा धरला, सुलटा केला आणि म्हणाला, ‘अमोलचं कासव.’

‘कशावरून?’ मी.

‘अहो नावावरूनच कळतं. अमोल नावाची मुलं शांत असतात. माझ्या वर्गात दोन होती. दोघं कासवासारखी.’

‘आणि चारू?’ लेक. पेन्सिल खाली.

‘चारूचं मांजर. चारू, चारू अशी हाक मारली की मांजर येणारच. बकुळ बडबडी असणार, तिला पोपट. सायकलींचं तर काय, बकुळची निळी यांनीच लिहिलीय, मांजराची लाल लिहिलीय. उरली हिरवी, ती कासवाला शोभते. झालं! यात एवढं काय बसायचं?’

लेकीने उत्तर चारही सूचनांशी ताडून पाहिलं. मीही पाहिलं. दुर्दैवाने ते बरोबर होतं.

मग त्याने जाता जाता ज्ञान दिलं. ‘ही कोडी आईनस्टाईनने लहानपणी काढली, बरं का. जगात दोन टक्के लोकांनाच सुटतात.’ स्वतःला तो त्या दोन टक्क्यांत धरत होता हे उघड होतं. आईनस्टाईनने असं काही काढल्याचा पुरावा नाही. ज्या पाच राहत्या घरांच्या कोड्यावरून ही दंतकथा निघाली ते १९६२ च्या डिसेंबरमध्ये लाइफ इंटरनॅशनल या मासिकात छापून आलं होतं, कोणाचंही नाव न घेता. आणि त्या कोड्यात म्हणावं नावांवरून सांगून दाखव! पाच घरं, प्रत्येकाचे पाच गुण, मांडण्या होतात सुमारे २,४८८ कोटी. हे सगळं मला नंतर, अंघोळ करताना सुचलं. समोर तो असताना मी ‘हं’ म्हणालो.

रात्री मात्र मी हिशोब केला. तीन प्राणी सहा तऱ्हांनी वाटता येतात, सायकली सहा तऱ्हांनी, म्हणजे एकूण ३६ मांडण्या. छत्तीसातली एक बिनचूक सांगितली म्हणजे चमत्कार! पण त्याने दुसरी आणि तिसरी सूचना वाचली होती, हे त्यानेच कबूल केलं होतं. त्या दोन सूचनांनंतर मांडण्या उरतात फक्त चार. चारातली एक. नाणं दोनदा उडवून दोन्ही वेळा छाप पडावा तेवढंच नशीब. मी बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, ‘तो लहानपणापासूनच हुशार आहे.’

दुसऱ्या दिवशी मी लेकीला म्हटलं, उत्तर बरोबर आहे, पण का ते आपण शोधू. सगळं खोडून पहिल्यापासून. ती कुरकुरली, पण बसली. दोरीपाशी आली आणि या वेळी कोणी आलं नाही. ‘बकुळकडे लाल नाही, म्हणून मांजर नाही. अमोलकडेही मांजर नाही. मग चारूचं!’ त्या रकान्यात दोन फुल्या पडल्यावर तिसरं घर कसं आपोआप खूण मागतं हे तिला कळलं, तेव्हा ती खुर्चीवर उभी राहिली. मग दोरी ओढली: चारूची लाल, उरली हिरवी ती अमोलची. चौथी सूचना: कासव निळ्याजवळ नाही, लाल मांजराने घेतलेली, म्हणजे हिरव्याजवळ, म्हणजे अमोलचं. पोपट आपसूक बकुळकडे. नऊ खुणा, अठरा फुल्या, एकही घर रिकामं नाही. मध्ये एकदा एका ओळीत तीन फुल्या झाल्या होत्या. तसं झालं की मागे कुठेतरी चुकलंय हे नक्की. पण प्रत्येक फुलीच्या कोपऱ्यात सूचनेचा बारीक आकडा लिहायला लावला होता, त्यामुळे सगळं न खोडता चूक सापडली. आकड्यांची युक्ती माझी. फ्रिजवर नाही.

हे सगळं आठवून मी शेवटी काल तक्रार केलीच. म्हटलं, रेषा एवढंच का गं?

ती वही घेऊन आली. एक छोटा तक्ता आखला. मी, मामा, बाबा अशा तीन ओळी. विचार, अंदाज, रेषा असे तीन रकाने. ‘विचार मी केला ना?’ खूण, चार फुल्या. ‘अंदाज मामाचा ना?’ खूण. दोनच फुल्या उरल्या होत्या, त्याही तिने मारल्या. मग वही माझ्याकडे वळवून हाताची घडी घातली आणि विचारलं, ‘आता कोणतं घर राहिलं, बाबा?’